नखावरची कोर

आमच्या घरात डाग काढण्याचं खातं माझ्याकडे होतं. बाबा चिखलीला कचेरीत कारकून होते. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवली की ते ओट्यावर बसून उजवा हात पुढे करायचे आणि मी अर्धं लिंबू मिठात बुडवून त्यांच्या बोटांवर घासायचे. शाईचा निळा ओघळ मनगटापर्यंत यायचा, मग पाणी ओतलं की बोटं स्वच्छ. "माह्या पोरीच्या हातात जादू हाय," असं ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणायचे. मी चौदा वर्षांची होते आणि मला ते खरं वाटायचं.

ताई तेव्हा एकोणीसची. तिच्या वर्गातल्या एका मैत्रिणीला बिजवराला दिलं होतं, चाळिशीच्या. ती माहेरी आली की बोलायचीच नाही. ते पाहून ताईनं बाबांना समोर बसवून सांगितलं होतं, "काळा चालीन, गरीब चालीन. पण बिजवर नाही, अन् वयानं मोठा नाही. तेवढं वचन द्या मले." बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. मी तिथंच गहू निवडत बसले होते.

पुढं धाड गावच्या एका शिक्षकाचं स्थळ आलं. वय अठ्ठावीस, पहिलंच लग्न, असं बाबांनी सांगितलं. बघण्याच्या कार्यक्रमाआधीच्या रविवारी ते धाडला जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं आणि नखं काळी झाली होती.

"बाबा, आज रविवारी शाई कुठून?"

"मास्तराच्या घरी दौत सांडली."

मी लिंबू घेतलं. नेहमीचा निळा ओघळ काही येईना. काळं ते काळंच. मी हट्टाला पेटून घासत होते, तर बाबाच म्हणाले, "निंबू राहू दे. गोडं तेल लाव, जिरू दे थोडं, मंग साबणानं घास." तेलानं कातडीवरचं पुष्कळसं सुटलं, दोन-तीन दिवसांत राहिलेलंही गेलं. नखं मात्र तशीच राहिली. शाईला तेल कोण लावतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. आला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मी आजही स्वतःला ऐकवते.

मुलगा आला. केस काळेभोर. ताईनं दाराच्या फटीतून पाहिलं आणि मला चिमटा काढला. तिला तो आवडला होता. महिन्याभरात लग्न झालं. मांडवात बाबा अक्षता टाकत होते तेव्हा त्यांच्या काळ्या नखांच्या मुळाशी नवीन नखाची गुलाबी-पांढरी कोर दिसत होती. पुढं दर आठवड्याला मीच त्यांची नखं काढायचे, कोर वर सरकत जायची. दिवाळी यायच्या आत शेवटचा काळा तुकडा मी कापून उकिरड्यावर टाकला.

दिवाळसणाला ताई आणि जावईबापू धनत्रयोदशीलाच आले. आईनं जावयासाठी नवाकोरा पांढरा टॉवेल काढला. दुपारी आई आणि ताई बाजारात गेल्या, बाबा कचेरीत होते. जावईबापू न्हाणीत शिरले ते तासभर बाहेरच आले नाहीत. आले ते डोक्याला रुमाल बांधून, आणि सरळ आतल्या खोलीत जाऊन निजले.

मी न्हाणीत गेले. शहाबादी फरशीवर काळे शिंतोडे, मोरीच्या तोंडाशी काळा ओघळ, आणि खुंटीवरच्या टॉवेलवर दोन मोठे डाग. तेवढ्यात ताई बाजारातून आली, आई मागं राहिली होती. मी तिला दाखवलं तर ती आत जाऊन विचारून आली.

"पेन गळला म्हणतात. आईनं पाहायच्या आत काढून दे व."

पेन घेऊन आंघोळीला कोण जातं? पण ताईच्या आवाजात काकुळत होती, म्हणून मी कामाला लागले. राख आणि नारळाच्या काथ्यानं फरशीवरचं ताजं, वरवरचं निघालं. दगडात मुरलं होतं ते निघेना. टॉवेलवर लिंबू पिळलं. निळं काही उतरेना. लिंबू धुऊन टाकून विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवली, दार उघडं ठेवून फरशीवर पसरली, आणि तेच पाणी गाळून टॉवेलवर ओतलं. पाव तासानं खळखळून धुतलं. काळ्याचं तांबूस झालं, बस. शाई असती तर एवढा त्रास दिला नसता, हे मला कळत होतं. काय आहे ते कळत नव्हतं.

संध्याकाळी बाबा आले. जावईबापू रुमाल काढून ओट्यावर बसले होते. केस काळे कुळकुळीत, आणि डाव्या कानाची पाळी, कपाळाची कडही काळी. ताईनं माझ्या हातातलं लिंबू घेतलं आणि हसत त्यांच्या कानाला लावायला गेली.

"निंबू नको लावू," बाबा सायकल टेकवता टेकवता सहज म्हणाले. "गोडं तेल लाव, जिरू दे थोडं, मंग साबणानं घास."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. तेच शब्द, त्याच क्रमानं. मी बाबांच्या नखांकडे पाहिलं. ती आता स्वच्छ होती, मीच कापून स्वच्छ केलेली.

ताईलाही काहीतरी खटकलं. "बाबा, तुमाले कसं माहीत?"

बाबा सायकलच्या घंटीवरची धूळ पुसू लागले. शेवटी जावईबापूच खाली मान घालून म्हणाले, "त्या रविवारी कलप त्यांनीच लावून देला. मले मागचं दिसत नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्या गावच्या न्हाव्याकडून लावून घेत होतो, ह्या खेपेले जमलं नाही."

मग सगळं बाहेर आलं. वय एकोणचाळीस. पहिली बायको वारलेली. बाबांना लग्नाआधीपासून ठाऊक होतं. "घर चांगलं हाय, मानूस चांगला हाय. तू आयकलं नसतं," एवढंच ते म्हणाले. डोक्यावर हात ठेवून वचन देणारा माणूस त्याच हातानं कलप लावून आला होता, आणि वर तो हात माझ्याकडून धुऊन घेतला होता. मला इतका संताप आला की तांब्या मी अंगणात भिरकावला.

ताई रडली नाही. ती माझ्याकडे वळली. "त्यायचे हात तूच धुतले होते ना?"

"मले माहीत नव्हतं, ताई. शाई म्हणाले."

"शाई रोज धुते तू."

एवढंच बोलली. तिचा विश्वास बसला नाही, आणि दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. उलट ती काळी नखंही मीच कापून उकिरड्यावर टाकली होती. भाऊबीज झाल्यावर ती एसटीनं त्यांच्याबरोबर गेली. तो तांबूस डागाचा टॉवेल तिनं आपल्या पिशवीत भरून नेला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी सवयीनं हात पुढे केला. "साबन न्हानीत हाय," मी म्हणाले. त्यानंतर त्यांनी शाईचे हात आपले आपणच धुतले.

ताई पुढं सणावारी येत राहिली. जावईबापूंना मागचं अजूनही दिसत नव्हतं, म्हणून कलप आता तीच लावायची. पहिल्यांदा तिची काळी नखं पाहिली तेव्हा मी तेलाची वाटी तिच्यासमोर ठेवली. तिनं हात पदराखाली घेतला. "राहू दे. नखाचं निघत नसते, तुले तं माहीत हाय."

बाबांच्या नखांवरचा काळा रंग तीन-चार महिन्यांत वाढून गेला होता. ताईच्या नखांवरचा मुळाशी कोर दिसायच्या आत पुन्हा चढायचा.