विहीणबाईंची लिंक

लेकीच्या सासरच्या माणसांना नाही म्हणायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नाही. ते अंगातच होतं. जळगावच्या शाळेत मी उभी हयात घालवली, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. भल्याभल्या पालकांना मी खडसावलं, सप्लायरला बिलातली चूक दाखवून कार्यालयातून बाहेर काढलं. पण धुळ्याला विहीणबाईंच्या घरात पाऊल टाकलं की माझा आवाज आपोआप खाली यायचा. लेक तिथं नांदते, एवढंच त्याचं कारण.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. बायका वाण घेऊन गेल्या, मी तिळगुळाचा डबा आवरायला लागले, तर विहीणबाईंनी हाताला धरून मला आतल्या खोलीत नेलं आणि आपल्या अहिराणीत विचारलं,

"अक्का, तुमना गुडघास्ना पैसा बँकमा पडेल शे ना? तठे काय व्याज भेटस?"

माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरलं होतं. फंडाच्या रकमेतून त्यासाठीचे पैसे मी बाजूला काढून ठेवले होते आणि कुठल्याही अडचणीत त्यांना हात लावला नव्हता. हे विहीणबाईंना ठाऊक होतं, कारण मीच कौतुकानं सांगितलं होतं. मी म्हटलं, फार नाही मिळत व्याज, पण सुरक्षित आहे.

त्यांनी मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यात बातम्या देणारी एक बाई आणि एक मोठे उद्योगपती बोलत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारं यंत्र म्हणे शेअर बाजारात आपल्या वतीनं खरेदी-विक्री करतं, ते कधी चुकत नाही, एकवीस हजार भरून खातं उघडा आणि महिनाभरात कितीतरी पट घ्या, नफ्याची हमी. उद्योगपतींचे ओठ शब्दांच्या जरा मागे पडत होते. मला वाटलं, धुळ्यात नेटवर्क कच्चं आहे.

"बठ्ठं मशीन करस," विहीणबाई म्हणाल्या. "आपले काही करनं नही. माले दोन हजार परत बी येल शेत. मी काय तुमले खोटं सांगसू का?"

वर्गात पोरांना मी सरळव्याज शिकवलं, चक्रवाढव्याज शिकवलं. हमी कोण देतो, कशातून देतो, आणि एवढी खात्री असेल तर तो स्वतःच कर्ज काढून श्रीमंत का होत नाही, हे दुसऱ्या कुणालाही मी खडाखडा विचारलं असतं. विहीणबाईंना नाही विचारलं. प्रश्न विचारला तर त्यांना वाटेल, लेकीच्या आईचा आमच्यावर विश्वास नाही. आणि मग ते लेकीला ऐकावं लागेल.

"सूनबाई, ती लिंक धाड बरं अक्काले," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक दिली.

लेक पदराला हात पुसत आली. माझ्याकडे न बघता तिनं मोबाईलवर बोट फिरवलं आणि माझ्या पर्समधला फोन टुणकन वाजला. ती तशीच आत गेली. सासूसमोर कमी बोलते, वळण चांगलं लागलंय, असं मला तेव्हा वाटलं. डोक्यात माती भरली होती माझ्या.

जळगावला परत आल्यावर मी त्या वेबसाइटवर नाव आणि नंबर भरला, तर चहा उकळायच्या आत फोन आला. गोड आवाजाचा एक माणूस, स्वतःला माझा अकाउंट मॅनेजर म्हणवणारा. मॅडम मॅडम करत त्यानं मला पैसे कुठं पाठवायचे ते सांगितलं. खातं होतं कुठल्याशा ट्रेडर्सच्या नावाचं. मी विचारलं, कंपनीच्या नावाचं का नाही? तो म्हणाला, हे आमचे पेमेंट पार्टनर. पुढच्या वेळी खातं बदललं, त्या वेळी एका अनोळखी माणसाचं नाव होतं. त्यावरही मॅनेजरचं तेच उत्तर होतं.

पण पडद्यावरचा आकडा वाढत होता, आणि वाढणारा आकडा बघायची चटक लागते, हे मी खोटं कशाला बोलू? सकाळी पूजा नंतर, आधी आकडा. परीक्षा म्हणून मी थोडे पैसे काढायला लावले. दुसऱ्या दिवशी ते माझ्या बँकेत जमा! मग माझी खात्रीच पटली. मॅनेजर म्हणाला, वरच्या श्रेणीत गेलात तर मशीन जास्त जोरात काम करतं. मी गुडघ्यांचे उरलेले सगळे पैसे हप्त्याहप्त्यानं त्या अनोळखी नावांच्या खात्यांत भरले.

ऑपरेशनची तारीख ठरली तेव्हा मी पैसे परत मागितले. पडद्यावर भरलेल्याच्या तिप्पट रक्कम दिसत होती. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, आधी पंधरा टक्के टॅक्स भरा, मग रक्कम सुटेल."

"त्यातूनच कापून घ्या ना," मी म्हटलं.

"सिस्टीम अलाउ करत नाही मॅडम."

माझ्यातली मास्तरीण तिथं जागी झाली. फार उशिरा, पण झाली. माझा पगार, माझं व्याज, सगळ्यांतून कर कापून उरलेलं हातात आलं होतं. माझेच पैसे त्यांच्याकडे असताना कर मात्र मी घरून आणून द्यायचा, ही कुठली रीत? मी भरणार नाही म्हटल्यावर त्याचा गोडवा संपला. आज भरले नाहीत तर खातं गोठेल, असं त्यानं धमकावलं आणि फोन आपटला.

मी तिथंच बसून रडले. आणि मग मला आठवण झाली ती विहीणबाईंची. बिचाऱ्यांचेही पैसे त्यातच आहेत, त्यांनाही टॅक्स मागतील, त्या भोळ्या, भरून मोकळ्या होतील. फोनवर सांगितलं तर घरात गोंधळ उडेल, म्हणून मी दुसऱ्या दिवशी धुळ्याची एसटी पकडली. ऊन तापायला लागलं होतं. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा पाय मोकळे करायला उतरताना गुडघ्यातून कळ गेली आणि मी दांडा धरून उभी राहिले. सगळ्या वाटेत मी एकच विचार करत होते, त्यांना धक्का बसणार नाही अशा शब्दांत कसं सांगावं.

विहीणबाई सोफ्यावर बसल्या होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. म्हटलं, हे सगळं फसवं निघालं, तुम्ही आता एक रुपयाही भरू नका, ते टॅक्स मागतील, देऊ नका.

त्या चटकन म्हणाल्या, "दिवाळीले बी त्यास्नी असाच टॅक्स मांगा व्हता. मी भरी दिधा. तरी पैसा सुटना नही."

दिवाळीले!

मी त्यांचा हात सोडला. दिवाळी आधी येते, संक्रांत नंतर, हे पहिलीतलं पोरही सांगेल. संक्रांतीला मला त्या खोलीत नेलं तेव्हा यांचे पैसे अडकून दोन-अडीच महिने झाले होते. टॅक्स भरून झाला होता. आणि तरी यांनी मला ते दोन हजार परत आल्याचं सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण त्यानंतरचं सगळं गिळलं होतं.

त्यांनाही जीभ घसरल्याचं कळलं. पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या. "तो सायब म्हने, दोन नवा मानसं जोडा, मंग तुमनं खातं मोकयं व्हई. मी काय करू अक्का? मना बांगड्यास्ना पैसा व्हता तो."

म्हणजे माझे गुडघे यांच्या बांगड्यांसाठी. मी ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. एवढंच विचारलं, "घरात कुणाला माहीत होतं?"

त्या दाराकडे बघत राहिल्या. दारात माझी लेक चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं ट्रे टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, "आई, त्यांचे पैसे निघाले असते तर घरातली रोजची कटकट थांबली असती. मला वाटलं, तुझेही निघतील."

"वाटलं?"

मी तिला नऊ महिने पोटात वागवलं, पायांची हाडं झिजेपर्यंत उभी राहून शाळा केली ती तिच्या शिक्षणासाठी. मला तिच्याकडे बघवेना. पोलिसांत जाते एवढं सांगून, चहा तसाच ठेवून मी स्टँडवर आले.

जळगावच्या सायबर पोलिसांत एका हवालदारांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं. ते म्हणाले, मशीन वगैरे काही नसतंच. पडद्यावरचे आकडे या भामट्यांनी नुसते टाकलेले असतात, बाजारात एक रुपयाही जात नाही. व्हिडिओतले चेहरे खरे, बोलणं बनावट. आधी थोडे परत देतात ते मोठे घेण्यासाठी. पैसे ज्या खात्यांत गेले ती भाड्यानं घेतलेली, तिथून लगेच पुढच्या खात्यांत पांगवतात. "पैसे गेल्या गेल्या हेल्पलाइनला फोन केला असता तर खातं गोठवता आलं असतं, बाई. आता आशा धरायला लावत नाही मी तुम्हाला." त्यांचं बोलणं सरळ होतं, म्हणून मला ते आवडलं.

त्यांनी खात्यांचे नंबर घेतले, मॅनेजरचा नंबर घेतला. मग विचारलं, "लिंक तुम्हाला कुणी पाठवली? ज्यानं पाठवली त्याला ती कुठून आली, तेही बघावं लागतं."

त्याच वेळी माझा फोन वाजत होता. लेकीचा. सकाळपासून तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळी ती एकच म्हणाली होती, "सासूबाईंचं नाव नको देऊस आई. मला इथंच राहायचंय." माझ्या पायांबद्दल तिनं विचारलं नव्हतं.

मी तिचा कॉल कट केला, व्हॉट्सॲप उघडलं आणि संक्रांतीचा तो मेसेज त्यांना दाखवला.

"हा नंबर कुणाचा?"

"माझ्या मुलीचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, विचार करून सांगा. मुलगी नांदते ना तिथं? हे लिहिलं तर जबाबाला तिला बोलवावं लागेल."

"बोलवा," मी म्हटलं. "आईला खरं सांगायला तिला जमलं नाही. पोलिसांना तरी सांगेल."