सगळ्यांना ऐकू गेलं

डिसेंबर १९८४. आंबिया बहाराच्या संत्र्यांची शेवटची तोडणी, सौंसरबाहेरचा आमचा बगीचा. हजर: मी, माझी थोरली जाऊ, तोडणीला गावातल्या काशीबाई आणि त्यांच्यासोबतच्या चार जणी, आणि नरसम्मा. भासरे – म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ – पांढुर्ण्याला माल पाहत होते. माझा नवरा त्यांच्यासोबत. नरसम्माचा नवरा अंजय्या आमच्याच विहिरीत, खाली.

हजेरी आधी लिहिली, कारण मला तसंच जमतं. आधी कोण होतं ते, मग काय झालं ते. पण यातलं काय झालं ते मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो गेला, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगते आहे – का, ते विचारू नका.

आंध्राकडची माणसं तेव्हा आमच्या भागात विहिरी खोदायला यायची. अंजय्याला मोडकं हिंदी यायचं. नरसम्माला तेलुगूशिवाय काही नाही. तिला आठवा महिना होता. विहिरीचं काम चालेल तोवर बगीच्यातल्या खोपडीत राहायचं, तिथेच बाळंत व्हायचं, असं ठरलं होतं. सौंसरची सुईण येऊन पोट पाहून गेली होती. त्या दोघांना हवं होतं ते एवढंच – बाळ होईपर्यंत एका जागी राहणं.

आणि मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. खरं सांगायचं तर मला तिचा संशय होता. काय संशय? तिला सगळं समजतं आणि ती न समजल्यासारखं करते, हा. पुरावाही होता माझ्याकडे. एकदा काशीबाईंनी भासऱ्यांच्या चालण्याची नक्कल केली, सगळ्या हसल्या, आणि नरसम्माही हसली. जाऊबाई माझ्या कानाशी लागल्या, "पाहा पाहा, हासून राहिली. समजते तिले सारं." झालं. दहा माणसं हसताना अकरावं माणूस उगाच हसतं, एकटं पडू नये म्हणून हसतं – हे मला ठाऊक नव्हतं का? लग्न होऊन या घरात आले तेव्हा न कळलेल्या कितीतरी विनोदांना मीच हसले होते. पण संशय एकदा बसला की त्याला सगळंच खायला चालतं.

त्या दिवशी तोडणीला एक बाई कमी होती म्हणून नरसम्माला घेतलं. आता संत्रं कसं तोडतात ते थोडं सांगावं लागेल. हाताने ओढायचं नसतं. ओढलं की देठाजवळची साल फाटते, वरून दिसतही नाही, पण दोन-चार दिवसांत तिथूनच फळ सडायला लागतं आणि पेटीतल्या शेजाऱ्यांनाही सडवतं. म्हणून कात्रीने कापायचं, देठाची हिरवी टिकली फळावर ठेवून. आमचा माल पांढुर्ण्याहून रेल्वेने कलकत्त्याला जायचा. वाट लांबची. टिकली नसलेलं एक फळही पेटीत चालत नसे.

हे नरसम्माला समजावण्याचं काम माझं होतं.

मी काय केलं? आधी साधं सांगितलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तेच मोठ्याने सांगितलं. का मोठ्याने? मी पुढे यावर फार विचार केला आहे. आपल्या माणसाने आपलं ऐकलं नाही तर कारण बहुधा एकच असतं – तो लांब आहे, किंवा मोटर चालू आहे, किंवा वारा उलटा आहे. आवाज चढवला की काम होतं. जन्मभर हा एकच उपाय हाताशी असतो. मग समोरच्याच्या कानापर्यंत आवाज नीट पोहोचतो आहे, अडलंय ते त्याच्या पुढे कुठेतरी – हे डोक्याला कळतं, तोंडाला कळत नाही. तोंड आपलं जुनंच औषध देतं. दुप्पट देतं.

मग सावकाश. लहान मुलाला सांगतो तसं. "काऽऽप. काऽऽत्री. ओऽऽढ – नाऽऽही." वाक्य मोडून टाकलं, शेपट्या छाटल्या, नुसते शब्द उभे केले. मला वाटलं मी सोपं केलं. खरं तर तिने दोन महिन्यांत बायकांच्या तोंडून ऐकलेला एखादा शब्द तिच्या ओळखीचा असेलही, तो मी ताणून ताणून अनोळखी करून टाकला. एरवी कुणी "काप" म्हणायला इतका वेळ लावतं का? सावकाश बोलण्याचा उपयोग थोडीफार भाषा येणाऱ्याला. दोन शब्दांच्या मधे त्याला दम मिळतो. जिला भाषाच नाही तिला तोच गोंधळ लांबवून मिळतो.

आणि चेहरा. ओरडताना माणसाचा चेहरा रागावल्यासारखाच होतो, राग असो-नसो. नरसम्मा माझ्या हाताकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. दुसरं काय करणार? समोर कुणी पेटलं असेल तर आपण आगीकडेच पाहतो.

काशीबाई झाडाआडून ओरडल्या, "बाई, ते तेलुगू हाय, बहिरी नाही! तुमचा आवाज तं मोटार स्टँडवर गेला असन!" सगळ्या खिदळल्या. नरसम्माही हसली. – पुन्हा. आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

रागातच मी फांदीवरचं एक संत्रं धरलं, तिच्या डोळ्यांसमोर हिसका देऊन ओढलं, आणि ओरडले, "असं – नाही!"

इथे थांबा. इथेच आहे ते.

हाताला "नाही" म्हणता येत नाही. हात जे करतो ते फक्त "असं" असतं. "नाही" माझ्या तोंडात होतं, मराठीत, आणि ती माझ्या तोंडातलं काही घेऊच शकत नव्हती. तिने घेतलं ते हातातलं. कात्री मी कमरेला खोचलेली होती, ती दाखवायची राहून गेली. अख्ख्या धड्यात तिला समजेल असं मी एकच वाक्य बोलले, आणि ते उलटं बोलले.

तिने मान हलवली. मी ओरडायची थांबले. किती सोपा सौदा! तिला कळलं की मान हलवली की आवाज बंद होतो. मला वाटलं की ओरडलं की समजतं. दोघी चुकीचंच शिकलो, आणि दोघींना ते खरं वाटलं.

अंजय्या विहिरीत होता. काठावरून हाक मारली असती तर वर आला असता, दोन वाक्यांत तिला सांगितलं असतं. मी हाक मारली नाही. कामवाल्याला दुभाषी करायचं म्हणजे आपल्याला जमलं नाही असं होतं.

दुपारी जेवणानंतर मी तिच्या टोपल्या पाहिल्या. एकाही फळाला टिकली नव्हती. तिने नीट, शिस्तीत, एकसारखा हिसका देऊन, मी दाखवलं तसंच काम केलं होतं. मला पाहून ती हसली – आता कुणीच हसत नव्हतं, ती एकटीच हसली. काम बरं झालं ना, असं विचारणारं हसू. ते मला समजलं. त्याला भाषा लागली नाही.

टोपल्या बाजूला काढायला हव्या होत्या. तेवढा माल सौंसरच्या बाजारात त्याच दिवशी खपला असता. पण मग जाऊबाईंनी विचारलं असतं, कोणी शिकवलं? मी तो माल इतर फळांत मिसळला, पेट्यांत भाताची तणस नीट अंथरली, टिकलीची फळं वरच्या थरात लावली. हे मी आवाज न करता, कुणाशी न बोलता केलं. अंजय्याला हाक मारून तिला कात्री दिली ती त्यानंतर.

आठ-दहा दिवसांनी कलकत्त्याहून निरोप आला: पेट्यांना पाणी सुटलं, निम्मा माल फेकला. भासरे पांढुर्ण्याहून तडक बगीच्यात आले. त्यांना आधीच वाटत होतं की दुसऱ्या व्यापाऱ्याने आपल्या बगीच्यात माणूस पेरला आहे, आणि तोडणीत नवी होती ती एकटी नरसम्मा. भासऱ्यांसमोर मी थेट बोलत नसे. जाऊबाई मधे उभ्या राहिल्या. त्यांच्याकरवी भासऱ्यांनी विचारलं, "तोडणी कशी करायची, ते सांगितलं होतं ना तिले?"

काशीबाईंनीच उत्तर दिलं, "सांगितलं म्हंता? बाईनं घसा फाडला. आम्ही साऱ्यांनी आयकलं."

तेव्हा मला कळलं की त्या ओरडण्याचा उपयोग झाला होता. नरसम्माला नाही – मला. माझ्या मोठ्या आवाजाला पाच साक्षीदार होते. हळू सांगितलं असतं तर तिला समजलं की नाही हे कुणी तरी विचारलं असतं. ओरडून सांगितलेल्याला तसं कुणी विचारत नाही.

एवढ्यावर गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी राहिले नाही. मी जाऊबाईंना म्हटलं, "तिला समजलं होतं. मान हलवली तिने. मुद्दाम केलं."

मुद्दाम केलं. दोन शब्द. सावकाश नाही, मोठ्याने नाही. अगदी सहज.

भासऱ्यांनी त्याच संध्याकाळी त्यांना जायला सांगितलं. विहीर अर्धी राहिली. अंजय्या हात जोडून हिंदीत काहीतरी सांगत होता, भासरे ऐकत नव्हते. नरसम्मा डोक्यावर बोचकं, एक हात पोटाखाली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आणि बोलली. तेलुगूत. मी पाहत राहिले, तेव्हा तिने तेच पुन्हा म्हटलं – मोठ्याने. मग पुन्हा, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून, माझ्या चेहऱ्याकडे पाहत.

मी मान हलवली.

ती बोलायची थांबली. मग ती दोघं लोधीखेड्याच्या रस्त्याला लागली. बाळ कुठे झालं, झालं की नाही, मला माहीत नाही. त्या थंडीत, त्या रस्त्यावर, आठवा महिना. मी चौकशी केली नाही. सुईणीला मात्र दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला, की यायची गरज नाही. असल्या बाबतीत मी कधी विसरत नाही.

आता माझी पन्नाशी उलटली. बगीचा पुतण्या पाहतो. आंध्राकडची टोळी काम मागत आली की भासरे ओट्यावरूनच हाकलतात, येईल त्याला त्या पेट्यांची गोष्ट सांगतात, आणि शेवटी माझ्याकडे बोट दाखवतात – हिने तर ओरडून सांगितलं होतं. पुतण्याही आता तीच गोष्ट सांगू लागला आहे. मी चहा ठेवायला आत जाते.

खरं काय झालं ते भासऱ्यांना सांगायचं आहे. दोन-तीन वर्षांपासून त्यांना ऐकू येत नाही. त्यांना काहीही सांगायचं तर मोठ्याने सांगावं लागतं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आणि ते ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जातं.

ते अजून झालेलं नाही.