अर्ध्या दिवसाची रजा आणि खालची खोली

आमच्या ऑफिसात बडोबाबूंच्या टेबलापाशी उभं राहायची एक रीत होती. डाव्या बाजूला उभं राहायचं, कारण उजव्या बाजूला पिकदाणी असायची आणि बडोबाबूंचा नेम फारसा चांगला नव्हता. त्यांनी मान वर केल्याशिवाय बोलायचं नाही. मान वर केली की हसायचं. मी अनेक वर्षं हे सगळं बिनबोभाट केलं, आणि त्याची मला लाज वाटत नव्हती, हे आता लिहिताना जास्त बोचतं.

बडोबाबू म्हणजे हेडक्लार्क. कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या एका व्यापारी कंपनीत मी हिशेबाच्या खात्यात होतो. वरचे साहेब काचेच्या खोलीत बसत आणि आमची नावंही त्यांना धड ठाऊक नसत. पूर्ण दिवसाची रजा साहेबांच्या सहीने मिळे. अर्धा दिवस मात्र बडोबाबूंच्या हातात असे. त्याला अर्ज लागत नसे. ते ‘जा’ म्हणाले की जायचं. म्हणून लोक त्यांच्यापुढे पोटदुखी, सासूचं आजारपण, लहान मुलाचा ताप असली कारणं घेऊन उभे राहत. बडोबाबूंना ती खोटी आहेत हे माहीत असे, सांगणाऱ्याला त्यांना माहीत आहे हे माहीत असे, आणि दोघंही गंभीर चेहऱ्याने ते पार पाडत. मला त्या नाटकाचा तिटकारा होता. मी मनाशी ठरवलं होतं, की मागेन तेव्हा खरं सांगून मागेन.

तशी वेळ आली ती आमच्या घराच्या नोंदणीची. आजोबांपासून आम्ही कलकत्त्यात, पण कायम भाड्याच्या जागेत. त्या वेळी बालीगंजमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. आईचे गुडघे गेले होते. जिने उतरणं तिने जवळजवळ सोडलंच होतं. खिडकीतून दोरीला टोपली बांधून ती भाजी घ्यायची आणि भाजीवालीशी ओरडून बोलायची. रेल्वेलाइनच्या पलीकडे एका वृद्ध बंगाली शिक्षकांचं लहानसं दुमजली घर विकायला निघालं. वर दोन खोल्या, खाली एक खोली आणि ओसरी, ओसरीच्या पायरीला लागून तांबड्या जास्वंदीचं झाड. बायको गेल्यावर हे मास्तरमोशाय, म्हणजे मास्तर महाशय, काशीला कायमचे राहायला निघाले होते. खालची खोली आईची, हे घर पाहिलं त्याच दिवशी ठरलं. रिक्षातून उतरून आई त्या ओसरीवर बसली आणि म्हणाली, “इथून हात लांबवला की फूल मिळेल. गणपतीला आता विकतची फुलं नकोत.”

मास्तरमोशायांनी त्यांच्याच घरी, साक्षीदारांसमोर खरेदीखतावर सही केली होती आणि पैसेही देऊन झाले होते. राहिली होती ती रजिस्ट्री कचेरीतली नोंदणी. गुरुवारी दुपारी ती करायची आणि शुक्रवारी संध्याकाळी मास्तरमोशाय गाडीत बसणार. नोंदणीला घेणारा आणि देणारा दोघंही हजर लागतात, अशी माझी पक्की समजूत होती. ती मी कुणाला विचारून पाहिली नाही, कारण विचारण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही. आईही म्हणाली, “घर घ्यायचं आणि घेणारा नाही, असं कुठं असतं का?”

बुधवारी मी बडोबाबूंपुढे उभा राहिलो आणि खरं कारण सांगितलं.

त्यांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. “घर? तुम्ही? आमच्या कलकत्त्यात?” मग अख्ख्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ऐका हो! दोनशे वर्षांपूर्वी या बर्गींना थोपवायला आपल्या लोकांनी बागबाजारापासून खंदक खणला. आणि आता बघा, हे स्टँपपेपर घेऊन आत येताहेत!”

सगळे हसले. मीही हसलो. बर्गी म्हणजे आम्ही मराठे. ही थट्टा मी शाळेपासून ऐकत आलो होतो.

“कुठे आहे घर? किती खोल्या? वर किती, खाली किती?”

मी सगळं सांगितलं. उत्साहाने सांगितलं. आजवर या माणसाने माझ्या घराची कधी चौकशी केली नव्हती, म्हणून मला बरंदेखील वाटलं.

“उद्या बघू,” ते म्हणाले. “महिनाअखेर आहे.”

जागेवर आलो तेव्हा शेजारचा सहकारी पुटपुटला, “दादा, पोट बिघडलंय म्हणायचं होतं ना! खरं सांगितलं की लोकांची भूक चाळवते.”

गुरुवारी सकाळी बडोबाबूंनी स्वतःहून हाक मारली आणि चक्क खुर्ची दिली. त्यांच्या टेबलाजवळ बसायची माझी ती पहिलीच वेळ.

“माझा जावई,” ते हळू आवाजात म्हणाले. “ढाक्याहून आला. मुलगी आहे, तान्हं पोर आहे. वर्ष झालं, माझ्याच घरात, एका खोलीत आम्ही सातजण. या शहरात जागा मिळते का, तुम्हीच सांगा. तुमची खालची खोली तुम्ही काही ओस ठेवणार नाही.”

“ती आईसाठी आहे,” मी म्हणालो.

“मातोश्रींचं वर होईल की! वर हवा असते. वयस्कर माणसाला हवा लागते.”

“त्यांचे गुडघे…”

“हे बघा मोशाय.” त्यांनी समोरचे कागद नीट रचले. “महिनाअखेर. माणसं कमी. मी तुम्हाला सोडलं तर साहेब मला विचारणार. माणूस माणसासाठी धोका पत्करतो तो उगीच नाही. भाडं मिळेल, फुकट कोण मागतंय?”

घड्याळात अकरा वाजून गेले होते. मुहुरी, म्हणजे आमचा दस्त लिहिणारा कारकून, बाराला कचेरीच्या दारात भेटणार होता. माझ्या डोळ्यांसमोर मास्तरमोशाय दिसत होते, त्यांची ट्रंक, काशीची गाडी, आणि पैसे देऊनही आमचं न झालेलं घर. जावई, बडोबाबूंची मुलगी, तान्हं मूल, यांची अडचण खरी होती. पण मी ‘हो’ म्हणालो ते त्यांची दया येऊन नव्हे. ती दया मी नंतर, ट्राममध्ये बसल्यावर शोधून काढली.

“शब्द?” बडोबाबू म्हणाले.

“शब्द.”

“जा, जा. आणि येताना मिठाई आणा सगळ्यांना, संदेश!”

रजिस्ट्री कचेरीत पाऊल टाकलं. जिन्याच्या कोपऱ्यांत पानाच्या पिंका थरावर थर साचून काळ्या झाल्या होत्या. वऱ्हांड्यात माणसं दाटीवाटीने बसलेली. बदली साक्षीदार म्हणून उभे राहायला तयार असलेले लोक येणाऱ्याच्या बाहीला धरत होते. आमचा दस्त आत नेणाऱ्या शिपायाने हात पुढे केला, आत घेणाऱ्या कारकुनाने हात पुढे केला नाही, फक्त टेबलाचा खण दोन बोटं उघडा ठेवला. मुहुरी मला न विचारता त्यात काहीतरी टाकत होता आणि माझ्याकडे बघून, हे असंच असतं, अशी मान हलवत होता. ऑफिसात मी आत्ताच काय करून आलो ते आठवून मी त्या खणाकडे बघायचं टाळलं.

मास्तरमोशाय स्वच्छ धोतर नेसून, छत्री धरून बाकावर बसले होते. पुकारा झाल्यावर आम्ही आत गेलो. सबरजिस्ट्रारने दस्त चाळला आणि मास्तरमोशायांना विचारलं, ही सही तुमची का, मजकूर समजला का, पैसे पोचले का. प्रत्येक प्रश्नाला ते वर्गात उभ्या राहिलेल्या मुलासारखं, बंगाली अदबीने “आज्ञे, हो” म्हणाले. ते तेच आहेत याची ओळख त्यांच्या एका वकील विद्यार्थ्याने दिली. मग शाई लावून त्यांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. दस्ताच्या पाठीवर शेरा लिहिला, त्याखाली मास्तरमोशायांनी पुन्हा सही केली, आणि सबरजिस्ट्रार पुढच्या दस्ताकडे वळला.

मी अंगरख्याची बाही सावरून, डावा हात पुढे करून उभाच होतो.

“तुम्ही कोण?” सबरजिस्ट्रारने विचारलं.

“घेणारा.”

“मग? झालं तुमचं.”

बाहेर आल्यावर मी मुहुरीला विचारलं, “माझी सही, अंगठा?”

“तुमचं काय काम?” तो पावती माझ्या हातात देत म्हणाला. “लिहून देणारा माणूस हजर लागतो. त्याने कबूल केलं की झालं. दस्त तेच दाखल करू शकत होते. वहीत नकल उतरली की ही पावती दाखवून दस्त परत न्यायचा. तुम्ही हौसेने येताय म्हणून मी बोललो नाही. पहिलं घर असलं की लोक येतात.”

मास्तरमोशाय अंगठ्याची शाई भिंतीला पुसायला धजत नव्हते. मी माझा रुमाल दिला. “जास्वंदीला पाणी घाला बरं का,” ते म्हणाले. मी हो म्हणालो. त्या दिवशी मी सगळ्यांनाच हो म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी संदेश घेऊन गेलो. बडोबाबूंनी दोन उचलले. मी म्हणालो, “मी गेलो नसतो तरी चाललं असतं. घेणारा लागतच नाही.”

“माहीत आहे,” ते तोंडात संदेश असताना म्हणाले. “माझी बेहाला भागातली जागा घेतली तेव्हा मी इथेच बसलो होतो. या टेबलाशी.” आणि मनापासून हसले. हसताना संदेशाचा चुरा त्यांच्या हनुवटीवर आला आणि तो त्यांनी बोटाने परत तोंडात ढकलला. त्या हनुवटीची मला आजही किळस येते. पण ते मला फसवून गेले असं म्हणताना जीभ अडखळते. त्यांनी मला नोंदणीबद्दल एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. त्यांनी फक्त खोली मागितली होती, आणि मी दिली होती. त्या क्षणीही ‘शब्द परत घेतो’ म्हणता आलं असतं. पुढच्या अर्ध्या दिवसांचा, पगारवाढीचा विचार माझ्या मनात आला आणि मी संदेशाचं ताट दुसऱ्या टेबलाकडे नेलं.

आम्ही राहायला गेल्यानंतरच्या रविवारी जावई बिछाने घेऊन आला. भाडेकरू एकदा आला की कायद्याने त्याला हलवता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची माणसं चांगली होती, हेही सांगायला हवं. बडोबाबूंची मुलगी रोज सकाळी जास्वंदीची फुलं तोडून बशीतून वर आणून द्यायची. बडोबाबू रविवारी नातवाला भेटायला येत, ओसरीवर, आईसाठी घेतलेल्या बाकावर बसत, आणि खालून हाक मारत, “मोशाय, चहा होऊन जाऊ दे!” पायरीच्या कडेला लाल पिंक पडलेली असे. ती मी संध्याकाळी बादलीभर पाण्याने धूत असे.

खोली कबूल केली म्हणूनच रजा मिळाली, एवढं मी आईला सांगितलं होतं. ती वरच्या खिडकीत बसू लागली. टोपली आणि दोरी तिने बालीगंजहून आणलीच होती. एकदा फुलं निवडताना तिने सहज विचारलं, “तू त्या दिवशी गेला नसतास, तर घर झालंच नसतं, नाही का रे?”

“नसतं झालं,” मी म्हणालो.

“मग ठीक केलंस,” ती म्हणाली, आणि बशीतलं सगळ्यात मोठं फूल गणपतीसाठी बाजूला ठेवलं.