टिपबाईंनी घासलेला डाग

हॉटेलातल्या सगळ्या मजल्यांवर त्यांना टिपबाई म्हणत. खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख करणाऱ्या बाईंना असलं नाव कसं पडलं, हे नव्या मुलींना पहिल्याच दिवशी कळे. कॉरिडॉरमधल्या गालिच्यावर टिपबाई स्वतःच्या हाताने कपभर चहा ओतत आणि म्हणत, "चला, पुसा."

मुलगी बिचारी धावत जाई, गुडघे टेकून जोर लावून घासू लागे. वाटीएवढा डाग बघता बघता ताटाएवढा होई. मग टिपबाई शेजारी दुसरा कप ओतत.

"आता माझ्याकडे बघ. सांडलं की आधी हात मागे घ्यायचा. चहा अजून धाग्यांच्या वरवर आहे. कोरडं फडकं ठेवून दाबलं, म्हणजे टिपलं, की तो फडक्यात येतो. घासलं की खाली उतरतो, बाजूला पसरतो आणि वर धागाही विस्कटतो. पाहुणा दाराशीच उभा असताना त्याला ढकलून माजघरात कशाला नेतेस?"

मुली हसत. टिपबाई मात्र काम चालू ठेवत. पांढरं फडकं, कारण रंगीत फडक्याने आपलाच रंग सोडला तर एका डागाचे दोन डाग. ठेवायचं, दाबायचं, उचलायचं, फडक्याची कोरडी बाजू पुढे घ्यायची, पुन्हा ठेवायचं. आणि सुरुवात नेहमी डागाच्या कडेवर. कडेकडेने गोल फिरत मध्याकडे यायचं.

"मधेच का नाही दाबायचं?" कुणीतरी विचारीच.

"मधे दाबलंस तर ओल कडेला पळते. कडेने आलीस तर तिला पळायला जागा उरत नाही."

टिपबाई याच हॉटेलात धुलाईखात्यात लागल्या होत्या, वरच्या मजल्यांवर आल्या त्या पुष्कळ नंतर. बोलणं कमी, चालणं झपझप. कॅन्टीनमध्ये कुणाच्या कपातून थेंब उडाला, तर डबा अर्धा टाकून त्या उठत. घरी यजमानांना हे सगळं पाठ झालं होतं. यजमान शाळेची बस चालवत. दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून आलेला माणूस घरी शांत बसे, पण आमटीचा थेंब टेबलावर पडला की त्याला आवाज ऐकू येईच, "अहो, घासू नका. टिपा."

"लग्नात सप्तपदी झाली तेव्हा ही आठवी अट कुणी सांगितली नव्हती," ते म्हणत, आणि टिपत.

त्या रविवारी टिपबाईंच्या घरी त्यांची थोरली बहीण यायची होती, आणि ती यायची होती ते आईचं पांघरूण न्यायला.

पांघरुणाची हकिकत साधीच होती. आईने म्हातारपणी, डोळे अधू झालेले असताना, बोटांच्या अंदाजाने ते विणलं होतं. सायीच्या रंगाची लोकर, मधे कुठे कुठे टाका चुकलेला. आई गेली आणि दिवसकार्य उरकायच्या आतच दोघी बहिणींत त्यावरून शब्दाला शब्द वाढला. तू न विचारता कपाटातून काढलंस, तू शेवटच्या दुखण्यात होतीस कुठे, इथवर गोष्ट गेली. पराचा कावळा झाला आणि तो कावळा मधली काही वर्षं दोघींच्या घरांमध्ये काव काव करत बसला. लग्नकार्यात भेटल्या तरी, "बरी आहेस ना?" "बरी आहे," एवढंच.

गेल्या वर्षी थोरलीचाच फोन आला. एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे, असं ठरवू या का? टिपबाई लगेच हो म्हणाल्या. थोरली पुढे म्हणाली होती, "पहिलं वर्ष तूच ठेव. तुझ्याकडे वस्तूला डाग लागायचा नाही, एवढा भरवसा आहे मला."

हे वाक्य टिपबाईंनी वर्षभर जपलं होतं. पांघरुणापेक्षाही जास्त.

दुपारी त्यांनी पांघरूण कपाटातून काढलं आणि बैठकीतल्या टेबलावर पसरलं. घडी घालण्याआधी एकदा डोळे भरून बघू, म्हणून काळ्या कॉफीचा कप घेऊन शेजारी उभ्या राहिल्या. हॉटेलात एखादीने गालिच्याजवळ कप नेला असता तर तिची धडगत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"छोटे, निघाले गं मी. संध्याकाळपर्यंत पोचते," थोरली म्हणाली. छोटे! ही हाक किती वर्षांनी कानावर आली होती. टिपबाईंनी फोन ठेवला, डोळ्यांना पदर लावायला हात उचलला, आणि कोपर कपाला लागलं.

कॉफी पांघरुणाच्या बरोबर मधोमध सांडली.

आणि मग जे घडलं ते हॉटेलात कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. टिपबाईंनी पदराचा बोळा केला आणि त्या घासू लागल्या. जोर लावून, इकडून तिकडे, तिकडून इकडे. तोंडाने "आई गं, आई गं" चाललेलं. सायीच्या रंगावर तपकिरी पट्टे उमटू लागले.

आतल्या खोलीत पेपर वाचत पडलेले यजमान आवाज ऐकून बाहेर आले. क्षणभर त्यांना काय दिसतंय तेच कळेना. मग त्यांनी पुढे होऊन बायकोचं मनगट धरलं.

"बाई," ते हुबेहूब तिच्याच आवाजात म्हणाले, "घासू नका. टिपा."

टिपबाईंनी हाताकडे पाहिलं, पदराकडे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, मी घासलं."

"बघितलं मी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

"कोरडे कुठले! चांगलं ओलं केलंय मी." त्या हसल्या आणि लगेच रडल्या. "तिचा भरवसा होता हो."

"डाग अजून ओला आहे की नाही?"

"ओला आहे."

"मग बसलीस काय? पांढरे टॉवेल कुठे आहेत ते सांग."

टॉवेल आले. टिपबाईंचे हात आता मात्र ठिकाणावर होते. विणकामातून कॉफी खाली झिरपली असणार, म्हणून एका टॉवेलाची घडी पांघरुणाखाली सरकवली. दुसरा वरून कडेवर टेकवला, तळहाताने दाबला, उचलला. टॉवेलावर तपकिरी ठसा आला. कोरडी बाजू घेतली, थोडं आत सरकल्या, पुन्हा दाबलं. यजमान खालचा टॉवेल बदलत राहिले. ठसे फिकट होत गेले. मग गार पाण्यात पिळून काढलेलं फडकं, पुन्हा कडेने आत, लगेच कोरडा टॉवेल. पाणी जास्त झालं असतं तर तेही पसरून आपली वेगळी कडा ठेवून गेलं असतं.

पिवळट छटा राहिलीच. वाटीभर पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर घातला. ते आधी पांघरुणाच्या कोपऱ्यात, मागच्या बाजूला लावून पाहिलं. लोकरीचा रंग हलला नाही, तेव्हा डागावर टिपलं, आणि मागोमाग साधं पाणी.

"गेला की!" यजमान म्हणाले.

"रंग गेला बराचसा. हे बघा." त्यांनी बोट ठेवलं. जिथे पदराने घासलं होतं तिथे लोकर पिंजारून एकमेकींत गुंतली होती. आईचे टाके तिथे नीट दिसत नव्हते. "कॉफीने नाही केलं हे. मी केलं."

त्यांनी ओल्या भागाच्या वर-खाली कोरडा टॉवेल घातला आणि त्यावर पितळी पातेलं पालथं ठेवून वजन दिलं. आत उरलेली ओल टॉवेलाने हळूहळू ओढून घ्यावी म्हणून.

"मी काय म्हणतो," यजमान म्हणाले, "ताई आल्या की एकदम मधोमध हात घालू नकोस. आधी प्रवास कसा झाला, गुडघा कसा आहे, असं कडेकडेने ये."

"माणूस म्हणजे गालिचा नव्हे," टिपबाई म्हणाल्या. "आणि ती दारात आली की तिला टेबलावरचं पातेलं दिसणारच आहे."

तसंच झालं. थोरलीने चपला काढल्या, आत पाऊल टाकलं आणि म्हणाली, "टेबलावर पालथं पातेलं कसलं गं?"

"ताई, माझ्या हातून कॉफी सांडली. आईच्या पांघरुणावर." टिपबाई एका दमात बोलल्या. "आणि मी घासलं."

थोरलीने पातेलं उचललं, टॉवेल बाजूला केला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. यजमान उगीचच बसची किल्ली खिशात चाचपत उभे राहिले.

"तू घासलंस?" थोरलीने विचारलं.

"हो."

"तू?"

"हो गं बाई, मीच. किती वेळा वदवून घेशील?"

थोरलीचे खांदे हलू लागले. ती हसत होती की रडत होती ते यजमानांना आधी समजेना. "माझ्या घरी जेवायला यायचीस तेव्हा आमच्या ह्यांच्या हातातून फडकं ओढून घ्यायचीस. हे तुला टरकून असायचे. आणि तू घासलंस!"

"फोनवर छोटे म्हणालीस ना, म्हणून झालं सगळं."

हसणं थांबलं. थोरलीने गुंतलेल्या लोकरीवरून बोट फिरवलं. मग खाली खुर्चीत बसली.

"हे असं ओलं मी नेणार नाही," ती म्हणाली. "लोकर आहे. पिशवीत कोंबली तर वास मारेल."

"मग पुढच्या आठवड्यात मी आणून..."

"वाळेपर्यंत थांबते मी. जागा आहे ना तुझ्याकडे?"

टिपबाईंनी यजमानांकडे पाहिलं. या घरात थोरली मुक्कामाला अशी कधी राहिलीच नव्हती. भांडण झालं तेव्हा घर नवीन होतं, आणि नंतर बोलावण्याचं तोंड उरलं नव्हतं. यजमान न सांगता आतल्या खोलीतल्या गादीवर धुतलेली चादर घालायला गेले.

जेवण झाल्यावर थोरली पुन्हा टेबलाशी गेली. टॉवेलाला हात लावून म्हणाली, "हा भिजलाय. दुसरा दे." तिने घडी घातली, डागाच्या मधोमध ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबली.

"ताई, कडेने."

"दाबतेच आहे ना मी? घासत तर नाहीये कुणासारखी."

"मधे दाबलंस तर ओल कडेला जाते."

"बरं बाई." थोरलीने टॉवेल उचलून कडेला नेला. टिपबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या, हात मात्र त्यांनी मागे धरले होते.

सकाळी पांघरूण वरून कोरडं लागत होतं. थोरलीने दोन बोटांत धरून दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पिशवी होती तिथेच खुंटीवर राहू दिली.

"आतून ओलं आहे अजून," ती म्हणाली.