ट्रॅशमधला आवाज

मी लग्नांचं शूटिंग करतो आणि बायको कारंज्याला घरी बसून अल्बम बनवते. केनवडच्या एका लग्नात, अक्षता पडल्यावर, मांडवामागं लॅपटॉप उघडून फोटो आमच्या दोघांच्या ऑनलाइन ड्राइव्हवर चढवायला लागलो, तर म्हणे जागाच नाही. मागच्या लग्नाचं कच्चं शूटिंग तिथं पडलं होतं. त्यांचा अल्बम आणि पेन ड्राइव्ह पोचला होता, म्हणून सगळं डिलीट केलं. तरी भरलेल्या जागेचा आकडा हलेना. टाळकंच सटकलं. बायकोला फोन लावून खेकसलो, "ड्राइव्ह साफ कर आत्ताच्या आत्ता. ट्रॅश बी रिकामी करून टाक."

फोन ठेवतो न ठेवतो तोच त्या मागच्या लग्नातल्या नवरीचा फोन. तिचे वडील नुकतेच गेले होते. पेन ड्राइव्हमध्ये पप्पा दिसतात, पण सगळीकडं आम्ही गाणी चढवलेली, त्यांचा आवाज कुठंच नाही. कुठं त्यांचं बोलणं असेल का, असं ती दबक्या आवाजात विचारत होती.

होतं. पाठवणीच्या वेळचं, कच्च्या शूटिंगमध्ये. हार्डडिस्क उन्हाळ्यातच मेली होती आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर आता केनवडचं लग्न होतं. म्हणजे एकुलती एक प्रत ट्रॅशमध्ये, आणि ती रिकामी करा असं मीच सांगून बसलो होतो. बायको फोन उचलेना. लॅपटॉपवर ट्रॅश उघडायला गेलो, तर मांडवातल्या गर्दीत रेंज कुठली, नुसतं चक्र फिरत राहिलं. शेजारी पंगतीत बुंदी वाढत होते.

शेवटी पानाच्या कडेला जागेचा आकडा तेवढा उमटला. धाडकन खाली आला होता. झालं, संपलं, असं वाटून मी खुर्चीतच बसून राहिलो. त्या पोरीला काय तोंड दाखवणार होतो मी?

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"ट्रॅशले हात नाही लावला अजून," ती म्हणाली. "अल्बमची जुनी व्हर्जनं काढून राह्यली होती. त्यांनीच जागा खाल्ली होती."

आमच्याकडं अल्बम एका फेरीत पास होतच नाही. नवरीची आत्या म्हणते बदला, मामा म्हणतो पहिलंच बरं होतं. म्हणून ती प्रत्येक वेळचं व्हर्जन कायम ठेवायची खूण करायची, आणि प्रत्येकाची जागा वेगळी मोजली जायची. मी डिलीट केलेलं शूटिंगही ट्रॅशमध्ये होतं तोवर मोजलंच जात होतं. मी नवरीच्या फोनचं सांगितलं, तसं तिनं ते लगेच परत जागेवर आणलं.

घरी येऊन मी ती क्लिप लावली. पोरीला पाठवण्याआधी एकदा ऐकावी म्हटलं. कॅमेरा वडिलांवर होता. डोळे पुसत त्यांनी मला हात केला.

"माह्याकडं कायले धरून राह्यला भाऊ? पोरीकडं धर. उद्यापासून दिसनार नाही ना घरात."