मुक्कामाचा पत्ता

आक्काचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. ती दाजींच्या नोकरीमुळं कंबोडियात, नॉम पेन्हला राहायची. आठव्या महिन्यात रक्तदाब चढला आणि डॉक्टरांनी तिचा विमानप्रवास बंद केला. मग आईनं तिकडं जायचं ठरवलं. आईनं तोवर गडहिंग्लजच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं. विमान मंगळवारचं होतं.

त्याआधीच्या बुधवारी मी आई-आप्पांना घेऊन लक्ष्मीपुरीतल्या सायबर कॅफेत बसलो. दोन हजार सालानंतरची गोष्ट, त्या देशाचा टूरिस्ट व्हिसा नुकताच इंटरनेटवर मिळू लागला होता. फॉर्म भरायचा, फोटो चढवायचा, दाजींच्या कार्डावरनं फी भरायची. तीन कामाच्या दिवसांत मंजुरी ई-मेलवर यायची.

देशात कुठून शिरणार, या रकान्यात मी बँकॉक शोधत बसलो, कारण विमान तिथं बदलायचं होतं. यादीत फक्त कंबोडियातलीच ठिकाणं होती. माझी चूक कळली, नॉम पेन्हचा विमानतळ निवडला. येण्याजाण्याच्या तारखा टाकल्या. पुढं मुक्कामाचा पत्ता आला.

"लॉज लिव्ह," आप्पा म्हणाले.

"आक्काचं घर असताना?"

"नातवंडाचं त्वांड बघितल्याबिगर लेकीच्या घरचं पाणीबी चालत न्हाय. तुला ठावं न्हाय व्हय?"

"बरं, नुसतं लिहितो. राहू दे तिला आक्काकडं."

आप्पांचा जन्म कचेरीत कारकुनी करण्यात गेलेला. "सरकारी कागदावर खोटं? लिवलं तितंच ऱ्हायाचं."

"आन् रातीला पोरीला उठवून बसवायचं कुणी? लॉजवाल्यानं?" आई पहिल्यांदाच बोलली.

आप्पा पासपोर्ट खिशात घालून तडक घरी गेले. आणि मी, पंचविशीतला घोडा, त्यांच्या खिशात हात घालायला घाबरलो. त्याचा राग मला आजही येतो, त्यांच्यापेक्षा माझाच जास्त.

शुक्रवारी संध्याकाळी आईनंच आप्पांच्या खिशातनं पासपोर्ट काढून आणला. "आक्काचं घर लिव्ह," म्हणाली. मी लिहिलं. पण पुढं शनिवार-रविवार. मंगळवारचं विमान आईविना गेलं. मंजुरी बुधवारी आली, तिकीट शुक्रवारचं मिळालं.

गुरुवारी पहाटे आक्काला झटके आले. आक्का वाचली. मुलगी झाली, ती दुपारपर्यंतच होती. आईला आम्ही काहीच सांगितलं नाही, तशीच विमानात बसवली.

शनिवारी तिचा फोन आला. ती रडत नव्हती. हॉस्पिटलातून आक्काच्या घरी नुकतीच आली होती, म्हणाली, आता लॉज बघते. नातवंड राहिलं नव्हतं, म्हणजे रीत तशीच उभी होती.

आप्पांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"लॉज नगं," ते म्हणाले. "पाणी पी तितलं. आन् पोरीसंगं जेव."