पंधरा नंबरचा दाणा

कॉफीच्या कारखान्यात तिला सगळे चाळणमावशी म्हणत. एकतीस वर्षं एकाच खिडकीपाशी, एकाच स्टुलावर, मांडीवर चाळण्यांची उतरंड घेऊन बसली, मग दुसरं काय म्हणतील? मोठ्या मालाला यंत्र होतं, पण प्रत्येक पोत्यातला मूठभर नमुना मावशीच्या हाताखालून गेल्याशिवाय पोत्यावर नंबर चढत नसे.

काम सोपं. सगळ्यात वर अठराची चाळणी, तिच्याखाली सतराची, मग सोळा, पंधरा, अशी खाली तेरापर्यंत. एका इंचाचे चौसष्ट भाग करायचे, त्यातले अठरा भाग म्हणजे अठराचं भोक. गदागदा हलवलं की जाडा दाणा वर अडतो, बारका खाली जातो. वरचा तो डबल ए प्रतीचा, तो महागाच्या पिशवीत. खालच्याला कुणी विचारत नसे.

आणि एक एकुलती. कॉफीच्या फळात दोन दाणे पोटाला पोट लावून वाढतात, म्हणून एका बाजूनं सपाट होतात. एखाद्या फळात एकच दाणा वाढला, तर ऐसपैस जागा मिळून गोल वाटाण्यासारखा होतो. पिशवीवर त्याला पीबेरी म्हणतात, कामावरच्या बाया एकुलती म्हणत. लांबट फटींच्या वेगळ्या चाळणीनं ती बाजूला काढायची आणि चढ्या दरानं विकायची. "एकुलतं म्हटलं की लाड आलेच," मावशी म्हणायची. तिला स्वतःला पाच भावंडं होती.

त्यातली धाकटी बहीण वर डोंगरात राहायची. थंड उतारावर नवऱ्यामागं तिनं झाडं सांभाळली होती. तिचा दाणा दरवर्षी बारीक. दरवर्षी मावशीच नमुना चाळून नंबर लिहायची, पंधरा, आणि दरवर्षी माल खालच्या ढिगात जायचा. "तुझी झाडं तुझ्यासारखीच, काटकुळी," असं मावशी म्हणायची. धाकटी हसायची. पण यंदा व्यवस्थापकानं जाहीर केलं, सतराखालचा दाणा आता घ्यायचाच नाही.

"मग मी झाडं काढते ताई," धाकटी म्हणाली. "गुडघ्यांतून आवाज येतो आता चढताना. घेणाराच नसेल तर कशासाठी चढू?"

मावशी एवढंच म्हणाली, की परगावच्या चवीच्या बाई येताहेत, कॉफी चाखून माल घेणाऱ्या, व्यवस्थापकाला सांगून तुझाही नमुना ठेवते त्यांच्यापुढे.

नमुना आला शनिवारी, सुट्टीच्या अर्धा तास आधी. मावशीनं सकाळपासून चाळीस नमुने चाळले होते. खांदा भरून आला होता, डोळ्यांपुढे भोकं नाचत होती. तिनं धाकटीचा डबा उघडला, पाहिला आणि मनात म्हणाली, चाळून काय होणार, सगळा बारीकच तर आहे. तसाच उचलून भाजणाऱ्याच्या टेबलावर ठेवला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी चवीच्या बाई आल्या. केस पांढरे, चप्पल साधी, हातात एक खोलगट चमचा. वाट्यांत दळलेली कॉफी, वर उकळतं पाणी, चार मिनिटं थांबून चमच्यानं वर आलेला थर मोडायचा, वास घ्यायचा, भुरका मारायचा आणि पिकदाणीत थुंकायचं. कारखान्याच्या मालकाच्या बागेच्या वाटीपाशी बाईंनी पसंतीची मान हलवली. धाकटीच्या वाटीपाशी तोंड वाकडं केलं.

"काही जळालंय, काही कच्चंच आहे," त्या म्हणाल्या.

"बारीक दाणा," व्यवस्थापक म्हणाला. "कडूच असतो तो." आणि तिथल्या तिथे वर डोंगरात फोन करून, माल घेणार नाही असं धाकटीला सांगून मोकळा झाला.

जळालेलं आणि कच्चं एकाच वाटीत का, हे मावशीशिवाय कुणाला ठाऊक असणार? धाकटीच्या डब्यात पंधराचा दाणा जास्त होता, पण तळाला तेराचा चुरा होता, वर थोडे सतराचे होते, मध्ये एकुलत्याही. सगळे एका भट्टीत. चुरा करपला, सतराचा आतून हिरवा राहिला. एकाच पातेल्यात बटाटे आणि मटार सोबत टाकले तर दुसरं काय होणार.

गप्प बसली असती तर कुणी विचारणार नव्हतं. ती स्टुलावरून उठली. उठायलाही वेळ लागला.

"बाई, तो नमुना चाळलेला नव्हता," ती म्हणाली. "मी चाळला नाही. कंटाळा केला."

व्यवस्थापकानं तिच्याकडे असं पाहिलं की जणू पंखा बोलला. "मावशी, तुमची बहीण आहे म्हणून..."

"बहीण आहे म्हणूनच चाळला नाही हो. परक्याचा असता तर चाळला असता."

चवीच्या बाई हसल्या नाहीत. "आता चाळा," म्हणाल्या. "आणि मालकांच्या बागेचेही वेगवेगळे काढा. अठरा, पंधरा आणि पीबेरी. भाजून रात्रभर ठेवा, मी आजची सोडून उद्याची गाडी धरते."

मावशीनं चाळलं. हात दुखत होता, पण सारखा दाणा सारख्या दाण्याशी लागला. भाजणाऱ्यानं चारही ढीग वेगवेगळे, ज्याच्या त्याच्या वेळेनं भाजले.

मंगळवारी चार वाट्या मांडल्या, नावं बुडाखाली चिकटवलेली. बाई दोनदा फिरल्या. तीन वाट्यांपुढे म्हणाल्या, "या एकाच घरच्या. चांगल्या आहेत, पण मला तरी वेगळ्या लागत नाहीत." चौथीपाशी थांबल्या आणि गार झाल्यावर पुन्हा एक चमचा घेतला. या वेळी थुंकल्या नाहीत.

वाट्या उचलून बुडं पाहिली. तीन वाट्या मालकाच्या, अठरा, पंधरा, एकुलती. चौथी धाकटीच्या पंधराची.

"म्हणजे बारीकच भारी?" व्यवस्थापकानं विचारलं.

"नाही हो. तुमचा बारीकही तुमच्या मोठ्यासारखाच आहे. हिचं फळ थंडाव्यात सावकाश पिकलंय, नीट वाळवलंय. चव त्यात. चाळणी चव ओळखत नाही."

"पण लोक पिशवीवर अठरा बघून जास्त देतात."

"द्यावेत. अठरा छापा, खरंच अठरा असेल तर. दाणे एकसारखे असले की भाजणी एकसारखी होते, त्याचं मोल आहेच. एकुलतीही भट्टीत गोल फिरते म्हणून बरी भाजली जाते, असं म्हणतात. फक्त मोठा म्हणून चांगला, हे छापू नका." मग मावशीकडे वळल्या. "पंधराची दहा पोती मला हवीत. पिशवीवर पंधरा लिहीन आणि डोंगराचं नावही."

मावशीला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण आधी थकवाच वर आला. एकतीस वर्षं तिनं स्वतःच्या हातानं 'पंधरा' लिहून बहिणीला खालच्या ढिगात घातलं होतं आणि वर काटकुळी म्हणून चेष्टाही केली होती. नंबर खोटा नव्हता. त्याचा अर्थ तेवढा तिनं न चाखताच लावला होता.

दुपारच्या बसनं ती वर गेली. धाकटी अंगणात पायरीवर बसली होती, हाताला सालीचे हिरवे डाग, शेजारी कोयता. मागं उतारावर दोन ओळी बुंध्यापासून तोडून पडल्या होत्या.

मावशीनं सगळं सांगितलं, शनिवारच्या कंटाळ्यासकट.

धाकटीनं मागं वळून तोडलेल्या ओळींकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुझा कंटाळा मला दोन ओळींना पडला, ताई."

"हो."

"आणि आधीची वर्षं?"

"ती मोजू नकोस बाई. मला मोजवत नाहीत."

धाकटीनं कोयता उचलला, पायरीखाली सरकवला. "तोडलेल्यांना फुटवा येऊन फळ धरेल दोनेक वर्षांत. मुळं काढली नव्हती अजून, दम लागला म्हणून. ऊठ, आत चल. आणि पुढच्या वेळी माझाच नमुना पहिला चाळ, सकाळी, हात ताजे असताना."

"चाळते," मावशी म्हणाली आणि उठायला बहिणीचाच हात मागितला.